महादरवाजाचा फोटो कसा वाचावा?

रायगडाच्या महादरवाजाचा, पायऱ्या चढताना खालून काढलेला एक फोटो मी वर्गात दाखवतो आणि मुलांना विचारतो, यात दरवाजा कुठे आहे? कुणालाच सापडत नाही. दिसतात ते दोन प्रचंड बुरूज, एक साधारण ७५ फूट उंच, दुसरा ६५. पायऱ्या सरळ भिंतीवर जाऊन आदळतात, असंच वाटतं.

दरवाजा आहे तो या दोन बुरुजांच्या आड. वाट त्यांच्यामधल्या बोळात शिरते, वळते आणि मगच कमान समोर येते. या रचनेला गोमुखी म्हणतात. खालच्या तोफेचा गोळा वळत नाही, म्हणून तो फळ्यांपर्यंत पोहोचत नाही. हत्तीला धडक द्यायला धाव घ्यावी लागते, तेवढी सरळ जागाच इथे नाही. लाकडाचा ओंडका घेऊन आलेल्या माणसांचंही तेच. शिवाय वळणावर गर्दी अडली, की दोन्ही बुरूज आणि समोरचा तट असा तिन्ही बाजूंनी मारा होतो.

(बुरूज हा शब्द अरबी ‘बुर्ज’चा. उर्दूत बुरूज म्हणजे अनेक बुर्ज. मराठीत मात्र एकालाही बुरूजच म्हणतात.)

बुरूज गोल का? चौकोनी कोपऱ्याचे दगड दोन बाजूंनी उघडे असतात, त्यामुळे आधी ते निखळतात. गोल भिंतीवर तिरका बसलेला गोळा बराचसा निसटून जातो. बुरूज तटाच्या पुढे आलेला असल्यामुळे वरच्या शिपायाला तटाचा पायथाही दिसतो. नुसत्या सरळ तटावर उभं राहिलं, तर भिंतीला चिकटलेला शत्रू दिसतच नाही.

आता फोटो मोठा करून भिंतीतली भोकं पाहा. सगळी भोकं जंग्या नसतात. खाली एकटंदुकटं, पुढे दगडी पन्हाळ आलेलं भोक पाणी जाण्यासाठी असतं. जंग्या वरच्या भागात ओळीने, ठरावीक अंतरावर असतात. त्या बाहेरच्या बाजूला खाली उतरत्या असतात. खालून काढलेल्या फोटोत एखाद्या भोकातून आकाश दिसलं, तर समजा की आतल्या बंदुकीला फोटो काढणारा दिसत होता. तटाच्या अगदी वर पाकळ्यांसारखे दिसणारे दगडी कंगोरे म्हणजे चर्या. गोळी झाडून शिपाई त्यांच्यामागे लपत असे.

फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे दरवाजाच्या आतली. तिथे पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. कवाडामागे भिंतीत आडवं सरकणाऱ्या अडसराची खोबण असते, तीही आत गेल्यावरच दिसते.

मुलं हमखास विचारतात, मग गड पडला कसा? १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी जवळच्या पोटल्याच्या डोंगरावरून गडमाथ्यावर तोफगोळे टाकले. वाड्यांना आगी लागल्या आणि गड स्वाधीन झाला. वाटेने वर येणाऱ्यासाठी बांधलेल्या दरवाजाला आकाशातून येणारा गोळा अडवता येत नव्हता.