अंशांकन रेषा (वर्णमापी)

अंशांकन रेषा म्हणजे ज्ञात संहतीच्या द्रावणांचे वर्णमापीवर मोजलेले शोषणांक आणि त्या संहती यांचा संबंध दाखवणारी सरळ रेषा होय. तिच्या आधारे अज्ञात नमुन्यातील पदार्थाची संहती काढता येते. शोषणांक संहतीच्या सम प्रमाणात वाढतो, हा बिअर-लॅम्बर्ट नियम या रीतीच्या मुळाशी आहे.

विहिरीच्या पाण्यातील लोहाचे मापन हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. लोह अल्प प्रमाणात असताना पाण्याला रंग जवळजवळ नसतो. म्हणून हायड्रॉक्सिलअमाइनने सर्व लोह फेरस अवस्थेत आणतात, सोडियम अ‍ॅसिटेटने आम्लता योग्य राखतात आणि फेनँथ्रोलीन मिसळतात. त्यामुळे नारिंगी-तांबडा रंग येतो. हा रंग हिरवा प्रकाश शोषतो. त्यामुळे ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा फिल्टर निवडतात. तांबड्या द्रावणासाठी तांबडा फिल्टर लावण्याची चूक विद्यार्थी हमखास करतात. त्या फिल्टरमधून आलेला प्रकाश द्रावणातून जवळजवळ तसाच पार होतो आणि मापन निरर्थक ठरते.

समजा, ५० मिलिलिटरच्या फ्लास्कांत लिटरमागे ०, १, २, ३ व ४ मिलिग्रॅम लोह असलेली द्रावणे तयार केली. शून्य लोहाच्या, पण सर्व अभिकारके असलेल्या द्रावणावर उपकरणाचे शून्य साधले. शोषणांक अनुक्रमे ०.००, ०.२०, ०.४०, ०.६० व ०.७९ आले. या बिंदूंना सर्वांत जवळची रेषा अशी येते:

शोषणांक = (०.१९८ × संहती) + ०.००२

आता विहिरीचे ४० मिलिलिटर पाणी फ्लास्कात घेऊन, तीच अभिकारके घालून खुणेपर्यंत भरले, तेव्हा शोषणांक १.४२ आला. रेषा पुढे वाढवून फ्लास्कातील संहती ७.१६ मिळते, तिला ५०/४० ने गुणल्यास मूळ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम लोह दिसते. हे उत्तर विश्वासार्ह नाही, कारण १.४२ हा शोषणांक रेषेच्या टोकापलीकडचा आहे. तेच पाणी केवळ १० मिलिलिटर घेतल्यावर शोषणांक ०.४६ आला. त्यावरून फ्लास्कातील संहती २.३१ आणि पाचपट केल्यावर मूळ पाण्यातील संहती सुमारे ११.६ मिलिग्रॅम ठरते. पहिल्या मापनात सुमारे एक पंचमांश लोह हरवले होते.

कारण उपकरणात आहे. शोषणांक १ असताना दहावा, तर २ असताना शंभरावा हिस्सा प्रकाशच पार होतो. इतक्या क्षीण प्रकाशात फिल्टरमधून आलेल्या इतर तरंगलांबींचा आणि भरकटलेल्या प्रकाशाचा वाटा मोठा होतो. शोषणांक खऱ्यापेक्षा कमी दिसतो व रेषा वाकते. विरलनानंतर उत्तर बदलले, तर आधीचे मापन रेषीय मर्यादेबाहेरचे होते, अशी शंका प्रथम घ्यावी.

गढूळ पाण्यात चूक उलट दिशेने होते. कण प्रकाश विखुरतात आणि उपकरण ते शोषण समजते. अशा वेळी फेनँथ्रोलीन वगळून बाकी सर्व अभिकारके घातलेला तोच नमुना मोजून त्याचा शोषणांक वजा करतात.



अभिकारकांचा नवा साठा घेतल्यास, फिल्टर किंवा क्यूव्हेट बदलल्यास रेषा पुन्हा काढावी लागते.