सिरपच्या लेबलवरचे मिलिग्रॅम कसे वाचावेत आणि मुलाला किती मिली द्यावे?

मुलांच्या तापाचे औषध म्हणजे पॅरासिटामॉल. मेडिकलमध्ये ते एकाच ताकदीत मिळत नाही. काही बाटल्यांमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असते, काहींमध्ये ५ मिलीत २५०, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १००. चव आणि रंग सारखे असू शकतात, खोकेही मिळतेजुळते असतात. त्यामुळे "गेल्या वेळी साडेसात मिली दिले होते, आताही तेवढेच देऊ" हा हिशेब बाटली बदलली की चुकतो.

मिलिग्रॅम आणि मिली यांत फरक काय?

मिलिग्रॅम म्हणजे औषध किती आहे. मिली म्हणजे ते ज्या गोड द्रवात मिसळले आहे तो द्रव किती आहे. सरबताचे उदाहरण घ्या. एका पेल्यात एक चमचा साखर आणि दुसऱ्यात दोन चमचे साखर घातली, तर पेले सारखेच भरलेले दिसतील, पण पोटात जाणारी साखर दुप्पट असेल. डॉक्टर डोस ठरवतात तो मुलाच्या वजनावरून आणि मिलिग्रॅममध्ये. मिलीचा आकडा बाटलीप्रमाणे बदलतो, मिलिग्रॅमचा बदलत नाही.

लेबलवर नेमके कुठे पाहायचे?

बाटलीवरील मोठ्या अक्षरांतले नाव सोडा. बाजूला किंवा मागे बारीक अक्षरांत "ईच ५ एमएल कंटेन्स", म्हणजे "प्रत्येक ५ मिलीमध्ये", अशी इंग्रजी ओळ असते. तिच्याखाली औषधाचे नाव आणि त्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा असतो. हीच औषधाची ताकद.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बाटलीवर "६० एमएल" लिहिलेले असते, ते बाटलीत एकूण किती द्रव आहे ते. त्याचा ताकदीशी संबंध नाही. दुसरे म्हणजे ड्रॉप्सच्या लेबलवर बहुधा "ईच एमएल", म्हणजे १ मिलीमागचा आकडा असतो. १०० हा आकडा १२० पेक्षा लहान दिसतो म्हणून ड्रॉप्स सौम्य वाटतात. प्रत्यक्षात ते त्या सिरपच्या चौपटीहून अधिक कडक असतात.

हिशेब कसा करायचा?

दोनच पायऱ्या आहेत.

१. लेबलवरच्या मिलिग्रॅमला ५ ने भागा. १ मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते कळेल. (ड्रॉप्सवर १ मिलीचाच आकडा असेल तर ही पायरी लागत नाही.)
२. डॉक्टरांनी सांगितलेल्या मिलिग्रॅमला त्या आकड्याने भागा. उत्तर मिलीमध्ये येईल.

समजा डोंबिवलीतील दोन वर्षांच्या मुलीचे वजन १२ किलो आहे. डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी १८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहून दिले आहे. ताप असेल तरच द्यायचे, दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवायचे आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा द्यायचे नाही.

• १२० ची बाटली: १२० ÷ ५ = २४. मग १८० ÷ २४ = ७.५ मिली.
• २५० ची बाटली: २५० ÷ ५ = ५०. मग १८० ÷ ५० = ३.६ मिली.
• १०० चे ड्रॉप्स: १८० ÷ १०० = १.८ मिली.

तिन्ही वेळा मुलीच्या पोटात १८० मिलिग्रॅमच जाते. उत्तर तपासायचे असेल तर उलटा गुणाकार करा: ३.६ × ५० = १८०. आणि एक साधी खूण लक्षात ठेवा. औषध जितके कडक, तितके मिली कमी. कडक बाटलीसाठी मिली जास्त आले, तर हिशेब चुकला आहे.

चूक कशी होते?

चिठ्ठीवर "७.५ मिली" लिहिलेले असते आणि ते १२० च्या बाटलीसाठी असते. रात्री मेडिकलमध्ये ती बाटली नसते, म्हणून २५० ची मिळते. आई-बाबा सकाळच्या लोकलने कामाला जातात आणि दुपारचा डोस आजी देते. आजीला ठाऊक असलेला आकडा साडेसातचाच. आता ७.५ × ५०, म्हणजे ३७५ मिलिग्रॅम दिले गेले, दुपटीहून जास्त.

असे एकदाच झाले तर यकृताला इजा होण्याची शक्यता कमी असते, पण डॉक्टरांना फोन करून विचारल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका. तेच दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस चालले, तर रोज १५०० मिलिग्रॅम होतात. १२ किलोच्या मुलीसाठी ते धोक्याचे आहे. उलट १.८ मिली हा ड्रॉप्सचा आकडा १२० च्या सिरपला लावला, तर जेमतेम ४३ मिलिग्रॅम जाते आणि "औषध लागू पडत नाही" असे वाटत राहते.

म्हणून बाटली घरी आली की तिच्यावरच कागदाची पट्टी चिकटवून लिहा: "१८० मिग्रॅ = ३.६ मिली, वजन १२ किलो, तारीख". जुनी, वेगळ्या ताकदीची बाटली त्याच कपाटात ठेवू नका. चिठ्ठीवर फक्त मिली असतील आणि ताकद लिहिलेली नसेल, तर अंदाज न करता "हे किती मिलिग्रॅम?" असे डॉक्टरांना विचारा.

३.६ मिली मोजायचे कसे?

घरातल्या चमच्याने नको. प्रत्येक चमच्यात वेगळे प्रमाण मावते. झाकणावरच्या मापावर सहसा २.५, ५ अशा मोजक्याच खुणा असतात. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज घ्या. सुई आणि टोपण काढून टाका, कारण टोपण मुलाच्या घशात अडकू शकते. या सिरिंजवर साधारणपणे ०.२ मिलीच्या रेषा असतात, म्हणजे ३ नंतरची तिसरी रेष ३.६ ची. औषध तळाशी बसते, म्हणून आधी बाटली नीट हलवा. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरून हळूहळू द्या.

अँटिबायोटिकच्या सिरपमध्ये वेगळे काय?

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या बाटलीवर "२२८.५" असा आकडा असतो. तो ५ मिलीतील दोन औषधांची बेरीज आहे: २०० अमॉक्सिसिलिन आणि २८.५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. डॉक्टर डोस बहुधा अमॉक्सिसिलिनचा मोजतात, म्हणून भागाकार २०० धरून करायचा की २२८.५, हे विचारून घ्या. ही पावडर पाण्यात मिसळायची असते आणि पाणी खुणेपर्यंतच भरायचे असते. पाणी कमी पडले तर लेबलवरची ताकद खरी राहत नाही.

जास्त औषध दिले गेले तर?

पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर पहिल्या दिवशी मूल ठीकठाक दिसू शकते. यकृताचा त्रास पुढच्या एक-दोन दिवसांत दिसू लागतो. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला काम करतो. त्यामुळे मुलाने बाटली तोंडाला लावून प्यायली असेल किंवा चुकीचा डोस वारंवार गेला असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका आणि घरी उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा. ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणात रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये आहेत. बाटली सोबत न्या. लेबलवरची ताकद आणि बाटलीतून कमी झालेले मिली यांवरूनच डॉक्टर पोटात गेलेले मिलिग्रॅम काढतात.