शिरेच्या काठाने

उजव्या फुफ्फुसावर दोन फटी असतात आणि त्या त्याचे तीन खंड पाडतात: वरचा, मधला आणि खालचा. डाव्या फुफ्फुसावर एकच तिरकी फट, म्हणून तिथे दोनच खंड. शरीररचनेच्या पहिल्या वर्षी हे सगळ्यांनीच पाठ केलेले असते. फुफ्फुसावरचे पातळ आवरण या फटींत आतपर्यंत उतरते, त्यामुळे फट पूर्ण असेल तर एक खंड दुसऱ्यापासून बोटाने सुटा करता येतो. ती पुष्कळदा पूर्ण नसते. विशेषतः उजवीकडची आडवी फट अर्ध्यावरच विरून जाते आणि वरचा व मधला खंड एकमेकांत मिसळलेले दिसतात.

या पुस्तकाचा विषय खंडांच्या आतला आहे. प्रत्येक खंड आणखी काही भागांत वाटलेला असतो. त्यांना मराठीत उपखंड म्हणता येईल, पण शस्त्रक्रियागृहात सगळे ‘सेगमेंट’च म्हणतात आणि मीही तेच वापरतो. उजव्या फुफ्फुसात असे दहा सेगमेंट मोजतात. डावीकडे काही जोड्यांची श्वासनलिका सामाईक असल्यामुळे बहुतेक जण आठ धरतात. प्रत्येक सेगमेंटला स्वतःची श्वासनलिका असते आणि तिच्या अंगालगत चालणारी स्वतःची धमनी असते. आकार साधारण शंकूसारखा: टोक फुफ्फुसाच्या मुळाकडे, तळ पृष्ठभागाकडे. मात्र दोन सेगमेंटांच्या मध्ये फट नसते. पृष्ठभाग सलग असतो, आणि डोळ्यांनी कितीही शोधले तरी तिथे सीमा सापडत नाही.

सीमा सापडते ती शिरांमुळे. नवख्या वाचकाने या पुस्तकातून एकच गोष्ट न्यायची ठरवली, तर ती ही असावी. श्वासनलिका आणि धमनी सेगमेंटच्या मधोमध शिरतात; शरीरात इतरत्र अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा धमनीच्या सोबतीने चालतात, तशा इथल्या शिरा चालत नाहीत. फुफ्फुसात शुद्ध झालेले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरा दोन सेगमेंटांच्या मधल्या पातळीतून जातात आणि दोन्हीकडचे रक्त गोळा करतात. दोन शेतांच्या मधल्या बांधालगत चर असतो, दोन्ही रानांतले पाणी त्यात उतरते आणि हद्द कुठली हे त्या चरावरूनच कळते, तसे हे आहे. काही लहान शिरा सेगमेंटच्या आतही असतात. सर्जनला या दोन प्रकारांतला फरक ओळखावा लागतो, कारण आतली शीर तोडायची असते आणि हद्दीवरची राखायची असते.

हे ज्ञान एकदम आलेले नाही, आणि ते कर्करोगासाठीही आलेले नाही. विल्यम एवार्ट यांनी १८८९ मध्ये लंडनमध्ये श्वासनलिका आणि रक्तवाहिन्यांच्या फांद्यांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रेमर आणि ग्लास यांना फुफ्फुसातला गळू नेमका कुठे आहे आणि छातीवर कुठून छेद दिला म्हणजे तो सरळ मोकळा करता येईल, हे ठरवायचे होते. त्या गरजेतून त्यांनी ‘ब्राँकोपल्मनरी सेगमेंट’ ही संज्ञा रूढ केली. १९३९ मध्ये बॉस्टनच्या चर्चिल आणि बेल्सी यांनी ब्राँकिएक्टेसिसच्या रुग्णांत डाव्या वरच्या खंडाचा जिभेसारखा भाग, लिंग्युला, तेवढाच काढून दाखवला. डावा खालचा खंड आणि लिंग्युला या दोघांना हा आजार अनेकदा एकदमच धरतो. त्यापायी वरचा सबंध खंड गमावायचा, तर डाव्या बाजूचे सगळेच फुफ्फुस जाते. १९४३ मध्ये जॅक्सन आणि ह्यूबर यांनी नावे निश्चित केली. पुढे बॉयडन यांच्या १९५५ च्या ग्रंथाने आकड्यांची पद्धत पक्की केली, आणि आजही आपण त्याच आकड्यांत बोलतो.

त्यातला सहावा आकडा मी इथे थोडा उलगडून दाखवतो. खालच्या खंडाच्या माथ्यावरचा, पाठीकडे तोंड असलेला हा सेगमेंट म्हणजे एस६. त्याची श्वासनलिका बी६, धमनी ए६, शीर व्ही६. बी६ खालच्या खंडाच्या मुख्य नलिकेतून सरळ मागे फुटते, जवळजवळ मधल्या खंडाच्या नलिकेच्या समोरून. माणूस उताणा झोपला की हिचे तोंड सगळ्यात खाली येते. म्हणून बेशुद्ध किंवा दारूच्या अमलाखाली उताण्या पडलेल्या माणसाच्या घशातला द्रव फुफ्फुसात उतरला, तर तो अनेकदा इथे जाऊन बसतो. उजवी मुख्य नलिका जास्त उभी असल्याने उजवीकडे हे जास्त घडते. क्रेमर आणि ग्लास ज्या गळवांच्या मागे होते त्यांचे हे नेहमीचे घर. प्रौढांचा क्षयरोगही वरच्या खंडाच्या टोकाखालोखाल या जागेवर डोळा ठेवून असतो. छातीच्या एक्सरेत फुफ्फुसाच्या मुळाच्या पातळीला, पाठीकडच्या भागात पोकळी दिसली की अनुभवी डॉक्टर आधी एस६ चा विचार करतात.

आता समजा, साठीतल्या एका बाईंच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या एस६ मध्ये १४ मिलिमीटरची घट्ट गाठ दिसली आहे आणि ती कर्करोगाची आहे. पूर्वी याचे उत्तर ठरलेले होते: खालचा सबंध खंड काढायचा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गिन्सबर्ग आणि रुबिनस्टाइन यांच्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीने ते पक्के केले होते, कारण खंडापेक्षा कमी भाग काढलेल्या रुग्णांत रोग जागच्या जागी उलटण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट दिसले. पण त्या चाचणीत तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी होत्या, आणि ‘कमी भाग’ या सदरात सेगमेंटची हद्द न पाहता कापलेले पाचरीसारखे तुकडेही होते. जपानी सर्जनांनी प्रश्न आवळून पुन्हा विचारला: दोन सेंटिमीटरपर्यंतची, फुफ्फुसाच्या कडेकडची गाठ, आणि शिरेच्या हद्दीने नेमका काढलेला सेगमेंट. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत ११०६ रुग्ण होते. पाच वर्षांनी सेगमेंट काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के हयात होते, खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. स्थानिक पुनरुद्भव मात्र सेगमेंट काढलेल्यांत जास्तच होता: १०.५ टक्के विरुद्ध ५.४. हा दुसरा आकडा झाकून पहिला सांगणे मला अप्रामाणिक वाटते. जास्त राहिलेले फुफ्फुस नंतरच्या आयुष्यात, दुसरा आजार किंवा दुसरा कर्करोग उद्भवला तर उपयोगी पडते, आणि रोग उलटण्याची वाढलेली जोखीम ही त्याची किंमत आहे. ती किंमत कमी ठेवणे हद्द किती अचूक पाळली यावर बरेच अवलंबून असते.

या बाईंची शस्त्रक्रिया सीटीच्या पडद्यावर सुरू होते. खालच्या मोठ्या शिरेला वरून मिळणारी पहिली फांदी म्हणजे व्ही६. तिथून बाहेर जात तिच्या पोटफांद्या पाहायच्या. एक एस६ च्या आतच राहते. बाकीच्या एस६ आणि त्याखालचे बेसल सेगमेंट यांच्यामधून जातात, आणि हीच हद्द. गाठीपासून तिथपर्यंतचे अंतर मोजायचे. गाठीभोवती निदान दोन सेंटिमीटर, किंवा कमीत कमी गाठीच्या व्यासाइतके, निरोगी फुफ्फुस निघायला हवे. गाठ हद्दीच्या शिरेला टेकलेली असेल, तर एकटा एस६ काढून भागत नाही. शेजारचा सेगमेंट सोबत घ्यावा लागतो, नाहीतर खंडच काढावा लागतो.

शस्त्रक्रियेत तिरकी फट उघडली की तिच्या तळाशी खालच्या खंडाकडे जाणारी धमनी दिसते. तिच्यातून मागे जाणारी फांदी ए६. बहुतेकांत ती एक असते, काहींत दोन. इथे एक धोका आहे. वरच्या खंडाच्या मागच्या सेगमेंटला जाणारी चढती धमनी सहसा ए६ च्या वरून वेगळी निघते, पण काहींत ती ए६ मधूनच फुटते. ए६ मुळाशी बांधली तर वरच्या खंडाचा एक भाग रक्ताला मुकतो. म्हणून ए६ काही अंतर पुढे सोडवून, वर वळणारी फांदी नाही याची खात्री केल्यावरच ती तोडायची.

ए६ च्या मागे, किंचित खोल, बी६ असते. ती तोडण्याआधी चिमट्यात धरून भूलतज्ज्ञांना फुफ्फुस हलकेच फुगवायला सांगायचे. बेसल भाग फुगला पाहिजे. तो फुगत नसेल तर चुकीची नलिका धरली आहे. या टप्प्यावर बी६ भोवतालच्या लसिका ग्रंथी तातडीच्या तपासणीला पाठवतात. त्यांत रोग निघाला तर बेत बदलतो आणि खंड काढला जातो.

मग ती न दिसणारी हद्द पृष्ठभागावर आणायची. जुनी रीत अशी की सगळे फुफ्फुस फुगवायचे, बी६ बंद करायची आणि मग हवा सोडायची. बाकीचे फुफ्फुस बसते, एस६ फुगलेला राहतो आणि रेषा उमटते. अडचण अशी की शेजारच्या वायुकोशांमध्ये बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून हवा इकडची तिकडे जाते. एम्फिसीमा असलेल्या रुग्णात रेषा इतकी पुसट होते की तिच्यावर विसंबता येत नाही. अलीकडे ए६ तोडल्यावर इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून देतात आणि अवरक्त कॅमेऱ्याने पाहतात. काही सेकंदांत सगळे फुफ्फुस उजळते, फक्त एस६ काळा राहतो. उजेड टिकतो थोडाच वेळ, म्हणून ती कड लगेच विद्युतशलाकेने आखून घ्यायची. वरच्या खंडातही काळा डाग दिसला तर ती चढती धमनी आपण तोडली आहे हे तिथेच कळते.

आखलेली रेषा झाली फक्त पृष्ठभागावरची. खोलात वाट दाखवते ती व्ही६ ची हद्दीवरची फांदी, आणि कापत जायचे ते तिच्या एस६ कडच्या बाजूने, तिला बेसल भागाकडे ठेवत. ती चुकून तुटली तर त्या भागातले रक्त तुंबू शकते. रुग्णाच्या कफात रक्त येते आणि एक्सरेत तिथे ढगाळपणा दिसतो. हद्द सोडून एस६ च्या आत शिरले, तर गाठीभोवतीचे अंतर घटते आणि उघड्या वायुकोशांतून हवा गळत राहते.

एस६ हा तुलनेने सोपा सेगमेंट. त्याला एकच मोठी सीमा आहे, बाकी बाजूंना फट किंवा पाठ. बेसल भागातल्या नवव्या किंवा दहाव्या सेगमेंटला शेजारी जास्त, नलिका खोल, आणि शिरांची मांडणी माणसागणिक निराळी. म्हणून या पुस्तकाची मांडणी मी आकड्यांच्या क्रमाने केलेली नाही. सुरुवात एस६ पासून आहे, मग लिंग्युला, मग वरच्या खंडांचे सेगमेंट, आणि बेसल भाग शेवटी. प्रत्येक प्रकरण उघडण्याआधी एखादा निरोगी सीटी स्कॅन समोर घ्या, त्या प्रकरणातली शीर मुळापासून कडेपर्यंत स्वतः शोधून काढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोण आहे ते कागदावर लिहा. प्रकरणातले चित्र त्यानंतर पाहा.