एकव्यवसाय कलम आणि परिघ-निर्बंध कलम (दुकानगाळ्याच्या भाडेपट्ट्यातील)

दुकानगाळ्याच्या भाडेपट्ट्यात स्पर्धेला आवर घालणारी दोन कलमे असतात. एकव्यवसाय कलमाने घरमालक बांधला जातो: अमुक धंद्यासाठी मी माझ्या याच इमारतीतला दुसरा गाळा कोणाला देणार नाही, अशी ती हमी असते. परिघ-निर्बंध कलमाने भाडेकरू बांधला जातो: या गाळ्यापासून ठरलेल्या अंतरात मी याच धंद्याचे दुसरे दुकान काढणार नाही, असे तो कबूल करतो. मॉलच्या करारांत ही कलमे अनुक्रमे ‘एक्सक्लुझिव्ह’ आणि ‘रेडियस क्लॉज’ म्हणून ओळखली जातात. पहिले कलम भाडेकरूचे गिऱ्हाईक राखते. दुसरे घरमालकाचा विक्रीतला वाटा राखते. जिथे असा वाटाच ठरलेला नाही तिथे दुसऱ्या कलमाला राखण्यासारखे काही उरत नाही, आणि या नोंदीतला बाकीचा तपशील याच फरकावर उभा आहे.

हिंगोली जिल्ह्यातील (1 मे 1999 पूर्वी परभणी जिल्ह्यातील) कळमनुरी तालुक्यातले आखाडा बाळापूर हे नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे बाजाराचे गाव. अशा गावात रस्त्याकडेला ओळीने गाळे बांधून ते महिन्याच्या ठरीव भाड्याने देण्याची रीत असते. उदाहरणादाखल असे धरू की एका मालकाने आठ गाळ्यांची इमारत बांधली आणि पहिला गाळा कृषी सेवा केंद्रासाठी पाच वर्षांच्या पट्ट्याने गेला. दुकानदाराने डिपॉझिट भरले, फर्निचर केले, बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे वेगवेगळे परवाने त्याच पत्त्यावर काढले. पुढच्या खरिपाआधी मालकाने पाचवा गाळाही कृषी सेवा केंद्रालाच दिला, तर पहिल्याला सहजी उठताही येत नाही, कारण परवान्यांवर जागा नोंदलेली असते आणि उधारीचे खाते गावातच अडकलेले असते. एकव्यवसाय कलम आधीच लिहून घ्यायचे ते या प्रसंगासाठी.

कलमाची खरी परीक्षा धंद्याच्या व्याख्येत होते. ‘शेतीविषयक दुकान’ एवढेच लिहिले तर फवारणी पंप ठेवणारा हार्डवेअरवाला त्यात येतो की नाही, ठिबकच्या नळ्या विकणारा येतो की नाही, यावर वाद होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या श्रूजबरी येथील व्हाइट सिटी शॉपिंग सेंटरचा 2006 मधील खटला याचे बोलके उदाहरण आहे. तेथील पनेरा ब्रेड या उपाहारगृहाच्या भाडेपट्ट्यात असे कलम होते की ज्या उपाहारगृहाच्या वार्षिक विक्रीत सँडविचचा हिस्सा दहा टक्क्यांहून अधिक असणे अपेक्षित आहे, त्याला मालकाने जागा देऊ नये. मालकाने बरिटो विकणाऱ्या कंपनीला गाळा देऊ केला, आणि बरिटो म्हणजे सँडविच का, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. करारात सँडविचची व्याख्या नव्हती. न्यायालयाने त्या शब्दाचा रूढ अर्थ घेतला, बरिटो सँडविच नाही असे ठरवले आणि मनाईहुकूम नाकारला. दहा टक्क्यांची मर्यादा काळजीपूर्वक लिहिली गेली होती, पण सँडविच म्हणजे काय हे सांगणारी एक ओळ राहून गेली होती.

आपल्या उदाहरणात ही अडचण परवान्याच्या आधाराने सुटते. ‘ज्या धंद्यास बियाणे, खते किंवा कीटकनाशके यांच्या विक्रीचा परवाना लागतो तो धंदा’ अशी व्याख्या केली की हार्डवेअरवाला पंप विकू शकतो आणि खताची पोती ठेवू शकत नाही. परवाना आहे किंवा नाही, हे कागदावर तपासता येते. जिथे असा परवाना नसतो, म्हणजे कापड किंवा चप्पल या धंद्यांत, तिथे ‘मुख्य धंदा’ ठरवण्यासाठी मांडणीच्या जागेचा किंवा विक्रीचा ठराविक हिस्सा धरावा लागतो. त्यातही जागेचे माप बरे, कारण ते कोणालाही टेप लावून घेता येते, आणि शेजाऱ्याची विक्री मात्र त्याच्या वहीत बंद असते.

या कलमाच्या मर्यादा ठळक आहेत. ते फक्त घरमालकाच्या स्वतःच्या मिळकतीपुरते चालते. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्याच्या गाळ्यात उद्या तेच दुकान उघडले तर इलाज नाही. आधीपासून बसलेले भाडेकरू त्याने बांधले जात नाहीत. नव्या भाडेकरूंवरही ते आपोआप लागू होत नाही, कारण ते या करारात पक्षकार नसतात. म्हणून मालकाने बाकीच्या प्रत्येक गाळ्याच्या पट्ट्यात ‘जागेचा उपयोग’ नेमका लिहिणे आणि तो मोडल्यास कारवाई करणे, ही जबाबदारी पहिल्याच करारात त्याच्यावर टाकावी लागते. हे राहिले तर पाचव्या गाळ्याचा भाडेकरू स्टेशनरीच्या नावाने जागा घेऊन खते विकू लागतो आणि मालक ‘मी तर स्टेशनरीलाच दिली होती’ म्हणून मोकळा होतो. मिळकतीचे वर्णनही ‘आमची इमारत’ असे सैल न ठेवता गट किंवा मिळकत क्रमांकासह, पुढे होणाऱ्या वाढीव बांधकामासकट लिहावे लागते.

कागदाचा प्रकार इथे निर्णायक ठरतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 आणि नोंदणी अधिनियम 1908 यांनुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवलेला पाच वर्षांचा पट्टा वादाच्या वेळी आपल्या अटींचा पुरावा म्हणून उभा राहत नाही, आणि एकव्यवसाय कलम त्याच्याबरोबरच पडते. नोंदणीकृत पट्टा असेल तर इमारत विकली गेली तरी नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, आणि 1882 च्या अधिनियमातील कलम 40 नुसार मिळकतीच्या उपयोगावरचे बंधन माहीत असताना ती घेणाऱ्यावर ते बजावता येते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सने गाळा घेणाऱ्याला हा आधार नाही. सुविधाधिकार अधिनियम 1882 चे कलम 59 सांगते की मिळकत हस्तांतरित झाली की नवा मालक केवळ त्या नात्याने जुन्या लायसन्सने बांधला जात नाही. फर्निचर, डिपॉझिट आणि परवाने यांवर मोठी रक्कम गुंतवणाऱ्याने अकरा महिन्यांच्या कागदावर एकव्यवसायाची हमी घेणे म्हणजे जवळजवळ काहीच न घेणे होय. भावांत वाटणी होऊन गाळे वेगवेगळ्या नावांवर जाण्याची शक्यता असेल, तर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या पट्ट्यावर घेणे शहाणपणाचे.

मोडीसाठी उपाय करारातच लिहिलेला बरा. मनाईहुकूम मागता येतो, पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत दोन हंगाम निघून जातात. प्रत्यक्षात उपयोगी पडते ती भाडेकपात: प्रतिस्पर्धी दुकान सुरू राहील तोवर भाडे निम्मे, आणि सहा महिन्यांत ते न हटल्यास डिपॉझिट परत घेऊन पट्टा सोडण्याचा भाडेकरूला हक्क. उलट बाजूने, भाडेकरू स्वतः तो धंदा बंद करील किंवा भाडे थकवील तर कलम गळून पडेल, अशी अट मालकाने घालावी. नाहीतर कुलूप लावलेला एक गाळा उरलेल्या सात गाळ्यांचे हात बांधून ठेवतो.

परिघ-निर्बंध कलम मॉलमधून आले. तिथे ‘मिनिमम गॅरंटी’ म्हणजे किमान भाडे, किंवा विक्रीचा ठरलेला टक्का, यांतले जे जास्त ते घेण्याची पद्धत आहे. आता समजा, त्याच इमारतीतला कोपऱ्याचा गाळा तयार कपड्यांच्या दुकानाला महिना 25,000 रुपये किंवा विक्रीच्या 5 टक्के, जे जास्त त्या भाड्याने दिला. वर्षाचे किमान भाडे 3,00,000 रुपये. विक्री 60 लाखांच्या वर गेली की टक्का किमान भाड्याच्या पुढे जातो. पहिल्या वर्षी विक्री 80 लाख झाली आणि मालकाला 4,00,000 रुपये मिळाले. मग दुकानदाराने जवळच्या वारंगा फाट्यावर दुसरे दुकान काढले. तिथे 45 लाखांची विक्री झाली, पण त्यातली 25 लाखांची बाळापुरातून तिकडे वळलेली होती. बाळापूरची विक्री 55 लाखांवर आली, तिचे 5 टक्के 2,75,000 रुपये, म्हणून मालकाला किमान भाडेच मिळाले. दुकानदाराचा एकूण धंदा 80 लाखांवरून एक कोटीवर गेला आणि मालकाचे एक लाख रुपये गेले. परिघ-निर्बंध कलम या गळतीपुरतेच आहे.

हेच दुकान महिना 33,000 रुपये ठरीव भाड्याने दिले असते, तर दुसऱ्या दुकानाने मालकाचे एका पैशाचेही नुकसान झाले नसते. बाळापूरसारख्या गावी ठरीव भाड्याच्या पट्ट्यात शहरातल्या नमुन्यावरून हे कलम उतरवले गेले असेल, तर भाडेकरूने ते काढून टाकायला सांगावे.

कायद्याची बाजूही या कलमाला जड जाते. भारतीय करार अधिनियम 1872 चे कलम 27 कायदेशीर धंदा करण्यास आडकाठी आणणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरवते. माधव चंदर विरुद्ध राजकुमार दास या 1874 च्या खटल्यात कलकत्त्याच्या एकाच वस्तीतले दोन तांबट दुकानदार होते. एकाने पैसे घेऊन त्या वस्तीतला धंदा बंद करण्याचे कबूल केले आणि दुसऱ्याने पुढे पैसे दिले नाहीत. बंदी एका वस्तीपुरतीच होती, तरी उच्च न्यायालयाने करार रद्द ठरवून दावा फेटाळला. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या 1967 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी बाजू स्पष्ट केली. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधील नोकरीच्या त्या प्रकरणात, कराराची मुदत चालू असेपर्यंतचे नकारात्मक बंधन अवाजवी किंवा एकतर्फी नसेल तर ते कलम 27 मध्ये बसत नाही, असे ठरले. मुदतीनंतरच्या बंधनाला मात्र न्यायालय थारा देत नाही. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या 2006 च्या प्रकरणातही हेच झाले. हे दोन्ही निकाल भाडेपट्ट्यांवरचे नव्हेत, पण त्यांतून धडा निघतो: गाळा सोडल्यावर आणखी दोन वर्षे जवळपास दुकान काढू नये, असे लिहिलेले कलम टिकण्याची आशा धरू नये.

म्हणून जाणते लोक सरळ बंदी न घालता हिशेबाचा मार्ग घेतात: परिघात दुसरे दुकान काढल्यास त्याची विक्री या गाळ्याच्या विक्रीत धरून टक्का मोजायचा. त्यातही भाडेकरूने सावध राहावे. वरच्या उदाहरणात दुसऱ्या दुकानाची सगळी 45 लाखांची विक्री मिळवली तर एक कोटीवर 5,00,000 रुपये भाडे होते, म्हणजे मालकाला दुसऱ्या दुकानाआधीपेक्षा एक लाख जास्त. न्याय्य अट अशी की मागील वर्षाच्या 80 लाखांपर्यंतचीच तूट भरून धरावी. मग भाडे पुन्हा 4,00,000 रुपये होते. हिशेब तपासताना जीएसटीचे विवरणपत्र पुरे पडत नाही, कारण राज्यात एकाच नोंदणीखाली दोन्ही दुकाने असतील तर विक्री एकत्र दिसते. प्रत्येक दुकानाची बिलांची मालिका वेगळी ठेवण्याची अट पट्ट्यात असावी लागते. अंतर रस्त्याने मोजायचे की सरळ रेषेत, आणि गाळ्याच्या दारापासून की इमारतीच्या हद्दीपासून, हेही लिहावे. करारापूर्वीच चालू असलेली दुकाने पत्त्यांसह वगळावीत.