‘आधी वजनं, मग कार्डिओ’: एका नियमाची कुळकथा

मांजरीतलं द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे तिथंच आहेत, पण आजूबाजूच्या उसाच्या रानांत सोसायट्या उभ्या राहिल्या आणि सोसायट्यांच्या मागोमाग जिम आल्या. पोट कमी करायला आलेल्या माणसाला ट्रेनर पहिल्या आठवड्यातच एक नियम सांगून टाकतो: आधी वजनं, मग कार्डिओ. का, असं विचारलं तर उत्तरही ठरलेलं असतं. आधी पळालात तर ताकद जाते, मसल जळतो. तरीही बहुतेक जण आत आल्या आल्या ट्रेडमिल गाठतात, पाच मिनिटांचा वॉर्मअप पस्तीस मिनिटांवर नेतात आणि मग बारबेलखाली जाऊन उभे राहतात.

नियम बराचसा बरोबर आहे. त्याच्यासोबत सांगितलं जाणारं कारण मात्र दुसऱ्याच एका प्रयोगातून आलं आहे आणि त्या प्रयोगात आधी काय, मग काय हा प्रश्नच नव्हता.

गोष्ट अमेरिकेतल्या सेंट लुइसची. रॉबर्ट हिकसन हा वजनं उचलणारा, धिप्पाड तरुण संशोधक जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत कामाला आला. होलोझी पळणारे होते. सततच्या पळण्यामुळे स्नायू प्राणवायू जास्त चांगला वापरायला शिकतो, हे त्यांनी 1967 मध्ये उंदरांवर दाखवलं होतं. वरिष्ठ पळताहेत म्हटल्यावर हिकसनही त्यांच्याबरोबर पळू लागला, वजनंही उचलत राहिला, आणि काही दिवसांत आपला आकार आणि जोर उतरतोय हे त्याच्या लक्षात आलं. होलोझींनी त्याला सांगितलं की स्वतःची प्रयोगशाळा मिळाली की पहिला अभ्यास याच गोष्टीचा कर. हिकसनने तो शिकागोत केला आणि 1980 मध्ये छापला.

त्याने तीन गट केले. एकाने फक्त पायांची वजनं उचलायची, आठवड्यातून पाच दिवस. दुसऱ्याने फक्त दमसासाचा व्यायाम करायचा, सहा दिवस: तीन दिवस सायकलवर पाच-पाच मिनिटांच्या जीवतोड फेऱ्या आणि तीन दिवस अर्धा-पाऊण तास जमेल तितक्या जोरात पळणं. तिसऱ्याने हे दोन्ही करायचं. दहा आठवड्यांनंतर फक्त वजनंवाल्यांची स्क्वॉटची ताकद 44 टक्के वाढली होती, दोन्ही करणाऱ्यांची 25 टक्के. सहा-सात आठवडे दोघांची चढण सारखीच होती. मग दोन्ही करणारे थबकले आणि शेवटच्या दोन आठवड्यांत खाली यायला लागले. उलट दिशेने काहीच बिघडलं नाही. वजनं उचलल्यामुळे कुणाचा दमसास कमी झाला नाही.

आता हा प्रयोग नीट पाहा. त्याच पायांवर आठवड्याला अकरा वेळा मारा, आणि पळणं म्हणजे रमतगमत नव्हे, तोंडाला फेस येईपर्यंत. शिवाय दोन व्यायामांच्या मध्ये किमान दोन तासांची विश्रांती होती. म्हणजे एका बैठकीतला क्रम इथे तपासलाच गेला नाही, आणि यातलं कुणी वजन उतरवायला आलेलंही नव्हतं. आपल्याकडच्या अनेक तालमींत पहाटे लढत आणि संध्याकाळी जोर-बैठकांची मेहनत अशी वाटणी असते. तिथेही दोन कामांच्या मध्ये दुपार जाते, जेवण जाते, झोप जाते. एका तासात सगळं कोंबायची गरज ही जिमची, नोकरी सांभाळून येणाऱ्यांची गरज आहे, आणि क्रमाचा प्रश्न त्या गरजेतून उभा राहिला.

त्या प्रश्नाच्या जवळ जाणारा एक प्रयोग 2003 मध्ये कॅनडातल्या स्पोरर आणि वेंगर यांनी केला. त्यांनी सोळा पुरुषांना आधी दमवणारा व्यायाम दिला आणि ठरावीक तासांनी वजनं उचलायला लावली. चार तासांनंतर लेग प्रेसचं काम सुमारे पाव हिश्श्याने घटलं, आठ तासांनंतरही थोडी घट होती, चोवीस तासांनी काही नाही. आणि बेंच प्रेसवर कोणत्याच वेळी परिणाम दिसला नाही. थकवा त्या पायांत होता, सगळ्या शरीरात नव्हता. त्यामुळे छाती-खांद्याच्या दिवशी आधी पळालात की नंतर, फारसं बिघडत नाही. पायांच्या दिवशी बिघडतं.

पुढे 2018 मध्ये एडन्स आणि सहकाऱ्यांनी एकाच बैठकीत दोन्ही करणाऱ्यांवरचे कित्येक आठवड्यांचे प्रयोग एकत्र मांडले. आधी वजनं घेणाऱ्यांच्या पायांची ताकद जवळपास सात टक्के जास्त वाढली. स्नायूंचा आकार, दमसास आणि अंगावरची चरबी यांत क्रमामुळे काहीही फरक नव्हता. आधी वजनं घेऊन साखर संपवली की नंतरच्या कार्डिओत थेट चरबी जळते, असं जिममध्ये ठासून सांगतात. त्या तासापुरतं जळण बदलत असेलही, पण महिनाअखेरीच्या चरबीत ते उतरत नाही.

‘ताकद जाते’ म्हणतात तीही नेमकी कुठे जाते? मांजरीतलाच एक माणूस समजा. हडपसरला नोकरी, वजन 84 किलो, रोज गरजेपेक्षा 500 कॅलरी कमी खातो. ताजा असताना 80 किलोचे स्क्वॉट तीन सेटमध्ये आठ-आठ मारतो. पस्तीस मिनिटं पळून आला की तेच आठ, सहा, पाच होतात. चोवीसऐवजी एकोणीस रेप, म्हणजे 1920 किलोऐवजी 1520 किलोचं काम. ताकद कुठे गेलेली नसते. त्या दिवसाचा सराव तेवढा कमी पडतो. पण प्रत्येक पायांच्या दिवशी असंच झालं तर दोन महिन्यांनी वाढ खरोखर मागे राहते. खाणं कमी असल्यामुळे पायांतला साखरेचा साठाही पुरता भरलेला नसतो, म्हणून वजन उतरवताना हा फटका जरा जास्त जाणवतो.

खात्री करायची तर त्याने पळणं नसलेल्या दिवशी, झोप नीट झालेली असताना, तेच 80 किलो घेऊन पाहावं. आठ निघाले तर दोष फक्त क्रमाचा. ताज्या दिवशीही सहाच निघाले, आणि पळण्याशी संबंध नसलेला बेंच प्रेसही त्याच आठवड्यांत खाली आला, तर ट्रेडमिलला बोल लावू नये. तिथे जेवणाची कपात फार झालेली असते, प्रथिनं कमी पडतात किंवा झोप. मर्फी आणि कोहलर यांनी 2022 मध्ये कमी खाऊन वजनं उचलणाऱ्यांवरचे प्रयोग एकत्र पाहिले, तेव्हा रोजच्या साधारण 500 कॅलरींच्या तुटीत नवा स्नायू चढणं थांबलेलं दिसलं, पण ताकद मात्र वाढत राहिली होती. म्हणजे वजन उतरवताना ताकद घसरलीच पाहिजे असं नाही.

मांजरीतल्या त्या माणसासाठी मी अशी वाटणी करीन: सुरुवातीला पाच-सात मिनिटं चालणं, अंग गरम होईपर्यंत. मग स्क्वॉट आणि बाकीची वजनं. मग वीस-पंचवीस मिनिटं सायकल किंवा चढावर भरभर चालणं, कारण पळण्यापेक्षा त्याने पाय कमी ठेचले जातात. जोरात पळायची हौस असेल तर ती छातीच्या दिवशी, आणि त्या दिवशी आधी पळाला तरी हरकत नाही. दहा किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करणाऱ्याने मात्र हा नियम उलटा लावावा.