अपवादमार्गांचे बीपीएमएन प्रतिमानन

अपवादमार्गांचे बीपीएमएन प्रतिमानन म्हणजे एखाद्या व्यवसाय प्रक्रियेत नेहमीच्या क्रमापेक्षा वेगळे घडल्यास काय करायचे, हे बीपीएमएन या चिन्हपद्धतीतील गेटवे आणि इव्हेंट (घटना) यांच्या साहाय्याने रेखाटणे होय. मंजुरी नाकारली जाणे, मागवलेल्या मालापैकी काहीच माल येणे, पुरवठादाराने मुदत न पाळणे ही अपवादांची नेहमीची उदाहरणे आहेत. ईआरपी प्रणालीची रचना ठरवण्यापूर्वी असे आरेखन केले जाते, कारण दस्तऐवजांच्या अवस्था, अधिकारमर्यादा आणि शिल्लक प्रमाणाचा हिशेब यांविषयीचे बरेचसे निर्णय अपवादमार्गांवरूनच ठरतात.

## पार्श्वभूमी

बीपीएमएनची पहिली आवृत्ती बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट इनिशिएटिव्ह या संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केली. ही संस्था २००५ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपमध्ये विलीन झाली आणि तेव्हापासून मानकाची देखभाल तो गट करतो. सध्या प्रचलित असलेली २.० ही आवृत्ती २०११ मध्ये आली. २०१३ मध्ये तिला आयएसओ/आयईसी १९५१० हा आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक मिळाला.

## मूलभूत चिन्हे

बीपीएमएन आकृतीत कार्य गोलसर कोपऱ्यांच्या आयताने, गेटवे समभुज चौकोनाने आणि घटना वर्तुळाने दाखवतात. आरंभ घटनेच्या वर्तुळाची कड बारीक, मधल्या घटनेची दुहेरी आणि अंतिम घटनेची जाड असते. प्रक्रिया कशी पुढे सरकते हे समजण्यासाठी 'टोकन' ही कल्पना वापरतात. टोकन म्हणजे बाणांच्या वाटेने फिरणारी एक काल्पनिक सोंगटी होय. गेटवे या सोंगटीला एका वाटेवर वळवतो, तिच्या अनेक सोंगट्या करतो किंवा अनेक सोंगट्यांची पुन्हा एक करतो.

गेटवे स्वतः निर्णय घेत नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. निर्णय आधीच्या कार्यात होतो आणि गेटवे केवळ त्या निर्णयानुसार वाट दाखवतो. त्यामुळे 'मंजूर आहे का?' या गेटवेच्या आधी 'मागणीपत्र तपासणे' हे कार्य आणि ते करणारी व्यक्ती आकृतीत असावी लागते. ते कार्य नसेल, तर मंजुरीचा अधिकार कोणाकडे आहे हे ईआरपीच्या रचनाकाराला कळत नाही.

घटनेचे काम वेगळे असते. जे प्रक्रियेतील कोणाच्या निर्णयावर अवलंबून नसते, म्हणजे बाहेरून येणारा संदेश, उलटलेली मुदत किंवा उद्भवलेली त्रुटी, ते घटनेने दाखवतात. यावरून एक सोपी कसोटी मिळते. कोणीतरी 'नाही' म्हटले असेल तर गेटवे वापरावा. कोणी काहीच म्हटले नसेल तर घटना वापरावी.

## उदाहरण : बेअरिंगची खरेदी

एका कारखान्यातील देखभाल विभाग ४०० बेअरिंगचे मागणीपत्र भरतो. दर प्रतिनग २४० रुपये धरल्यामुळे रक्कम ९६,००० रुपये होते. १,००,००० रुपयांपर्यंतची मंजुरी विभागप्रमुख देतात आणि त्यापुढील रकमेला कारखाना व्यवस्थापकांची मंजुरी लागते. (उदाहरणातील आकडे काल्पनिक असून त्यांत करांचा विचार केलेला नाही.)

### नाकारलेली मंजुरी

'नामंजूर' हा एकच शब्द व्यवहारात दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक म्हणजे मागणी कायमची फेटाळणे आणि दुसरी म्हणजे दुरुस्तीसाठी परत पाठवणे. म्हणून विभागप्रमुखांच्या तपासणीनंतर अनन्य गेटवे ठेवून 'मंजूर', 'दुरुस्तीसाठी परत' आणि 'फेटाळले' अशा तीन वाटा काढाव्या लागतात. अनन्य गेटवेतून नेहमी एकच वाट घेतली जाते. फेटाळलेल्या मागणीची वाट स्वतंत्र अंतिम घटनेपाशी संपते, तर परत पाठवलेली मागणी पुन्हा प्रक्रियेत येते.

परतीचा बाण कोठे जोडायचा, हा यातील निर्णायक प्रश्न आहे. समजा, बेअरिंगचा प्रकार चुकीचा असल्याने मागणीपत्र परत आले. अर्जदाराने योग्य प्रकार लिहिला आणि त्याचा दर २७५ रुपये असल्यामुळे रक्कम १,१०,००० रुपये झाली. परतीचा बाण थेट विभागप्रमुखांच्या तपासणीला जोडलेला असेल, तर त्यांच्या अधिकाराबाहेरची रक्कम त्यांच्याच सहीने मंजूर होईल. म्हणून हा बाण रक्कम पाहून मंजुरीचा स्तर ठरवणाऱ्या गेटवेच्या आधी जोडावा लागतो. ईआरपीमध्ये याचा अर्थ असा, की मागणीपत्रातील रक्कम बदलताच आधीच्या मंजुऱ्या रद्द व्हाव्यात.

मंजुरी देणारी व्यक्ती उत्तरच देत नसेल, तर तपासणीच्या आयताच्या कडेवर टायमर घटना जोडतात. अशी सीमावर्ती घटना दोन प्रकारची असते. तुटक कडेची घटना मूळ कार्य चालू ठेवून बाजूची वाट सुरू करते. दोन दिवसांनी स्मरणपत्र पाठवण्यासाठी ती योग्य ठरते. सलग कडेची घटना मूळ कार्य थांबवते. पाच दिवसांनी प्रकरण वरिष्ठांकडे सोपवण्यासाठी ती वापरतात. सोपवण्यासाठी चुकून तुटक कड काढली, तर प्रकरण एकाच वेळी दोघांसमोर राहते आणि परस्परविरोधी उत्तरे येऊ शकतात.

### मालाची प्रतीक्षा

सुधारित मागणी कारखाना व्यवस्थापकांनी मंजूर केल्यावर ४०० नगांचा खरेदी आदेश पुरवठादाराकडे जातो. त्यानंतर माल येईल, मुदत उलटेल किंवा पुरवठादार नकार कळवेल. यांपैकी काय घडेल हे कारखान्याच्या हातात नसल्यामुळे येथे घटनाधारित गेटवे वापरतात. त्याच्या प्रत्येक वाटेवर पहिली गोष्ट म्हणून एखादी पकडणारी घटना किंवा संदेश स्वीकारणारे कार्य असते. जी घटना आधी घडते तिची वाट घेतली जाते आणि इतर वाटा बाद होतात.

मुदत उलटल्यावर पुरवठादाराला स्मरण देऊन प्रक्रिया पुन्हा याच गेटवेकडे आणली जाते. त्या वेळी टायमरमध्ये जुनीच तारीख राहिली, तर ती आधीच उलटलेली असल्यामुळे घटना लगेच पुन्हा घडते आणि स्मरणपत्रांची रांग लागते. म्हणून परतीच्या वाटेवर 'नवी अपेक्षित तारीख नोंदवणे' हे कार्य आवश्यक ठरते. ईआरपीमध्ये त्यासाठी मूळ तारीख आणि सुधारित तारीख अशी दोन स्वतंत्र क्षेत्रे लागतात. एकच ठेवल्यास पुरवठादाराने केलेला विलंब नंतर मोजता येत नाही.

### अंशतः आलेला माल

मुदतीत २८० नग येतात. तपासणीत २७० स्वीकारले जातात आणि १० सदोष म्हणून नाकारले जातात. येथे अनन्य गेटवे वापरणे ही वारंवार आढळणारी चूक आहे, कारण एकाच खेपेत 'काही स्वीकृत' आणि 'काही नाकारलेले' ही दोन्ही विधाने खरी असू शकतात. अशा ठिकाणी समावेशक गेटवे योग्य असतो. तो अटी पूर्ण करणाऱ्या सर्व वाटांवर एकेक टोकन पाठवतो. एका वाटेवर २७० नग साठ्यात घेतले जातात, तर दुसऱ्या वाटेवर १० नगांची परतीची नोंद होते.

दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणतानाही समावेशक गेटवेच लागतो. तेथे समांतर गेटवे ठेवला, तर संपूर्ण खेप निर्दोष असताना तो परतीच्या वाटेवरील टोकनाची वाट पाहत राहतो आणि प्रक्रिया अडकते. अनन्य गेटवे ठेवला, तर दोन्ही टोकने एकामागून एक पुढे जातात आणि पुढचे काम दोनदा होते. पुढे देयकाची मंजुरी असेल, तर ती दोनदा दिली जाण्याचा धोका असतो. संगणकावर प्रक्रिया चालवून न पाहताही हा दोष ओळखता येतो: आकृतीवर सोंगटी ठेवून 'सर्व स्वीकृत', 'सर्व नाकारलेले' आणि 'काही-काही' या तीन स्थितींत ती बोटाने फिरवून पाहावी.

यानंतर 'शिल्लक ठरवणे' हे कार्य येते. त्याचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे:

```
शिल्लक = आदेशित − स्वीकृत − रद्द
१३० = ४०० − २७० − ०
```

सूत्रात आलेले २८० नग न घेता स्वीकृत २७० नग घेतले आहेत. म्हणजे सदोष १० नग पुरवठादाराने बदलून द्यावेत, असा निर्णय त्यात गृहीत धरलेला आहे. बदली माल नको असल्यास ते १० नग 'रद्द'मध्ये जातात आणि शिल्लक १२० होते. असे निर्णय आरेखनाच्या वेळी झाले नाहीत, तर ते प्रणालीतील पूर्वनिश्चित सेटिंगनुसार नकळत होतात.

शिल्लक शून्य असेल तर आदेश पूर्ण होतो. ती उरली असेल तर खरेदी अधिकारी उरलेल्या मालाची वाट पाहायची की आदेश तेवढ्यावरच बंद करायचा, हे ठरवतो. पहिल्या पर्यायात प्रक्रिया घटनाधारित गेटवेकडे परतते. दुसऱ्यात शिल्लक 'रद्द'मध्ये नोंदवून प्रक्रिया संपते. हा दुसरा पर्याय आकृतीत नसेल, तर कधीच न येणाऱ्या मालामुळे आदेश खुले राहतात आणि 'येणे अपेक्षित' साठा फुगलेला दिसतो.

### देयक

पुरवठादाराने २८० नगांचे ७७,००० रुपयांचे देयक पाठवले. स्वीकृत मालाची किंमत ७४,२५० रुपये असल्याने २,७५० रुपयांचा फरक येतो. आदेश, माल-प्राप्ती नोंद आणि देयक यांच्या त्रिपक्षीय ताळमेळात तो उघड होतो. पुढच्या खेपेबरोबर दुसरे देयक येईल, म्हणजे एका आदेशाला अनेक खेपा आणि अनेक देयके असू शकतात. म्हणून देयकाची प्रक्रिया वेगळी काढून प्रत्येक देयकाच्या आगमनाने ती नव्याने सुरू होते असे दाखवणे सोयीचे असते. खरेदी आदेशाच्याच आकृतीत देयकाचे एक कार्य ठेवले, तर दुसऱ्या देयकाला जागा उरत नाही.

## त्रुटी घटनेचा मर्यादित वापर

नामंजुरी किंवा अंशतः पुरवठा त्रुटी घटनेने दाखवणे योग्य मानले जात नाही. कार्याच्या कडेवरील त्रुटी घटना ते कार्य नेहमीच थांबवते. तिला तुटक कडेचा प्रकार नाही. नामंजूर करणारा अधिकारी मात्र आपले कार्य पूर्णच करतो, फक्त त्याचा निष्कर्ष वेगळा असतो. कार्य पुरे होऊ शकले नाही अशा वेळीच, उदाहरणार्थ मागणीपत्रातील वस्तूचा संकेतांक प्रणालीत सापडला नाही तर, त्रुटी घटना वापरावी.

## मर्यादा

बीपीएमएन क्रम दाखवते. दस्तऐवजांतील क्षेत्रे, त्यांचे परस्परसंबंध आणि हिशेबाचे नियम दाखवण्याची सोय त्यात फारशी नाही. त्यामुळे शिल्लक प्रमाणाचे सूत्र, अधिकारमर्यादांचा तक्ता आणि दस्तऐवजांच्या अवस्थांची यादी आकृतीसोबत स्वतंत्रपणे लिहावी लागते. तसेच प्रत्येक अपवाद एकाच आकृतीत मांडल्यास ती वाचणे अवघड होते. ज्या अपवादामुळे पैसा, साठा किंवा अधिकार यांपैकी काही बदलते तो आकृतीत घेणे आणि बाकीचे लेखी सूचनांवर सोपवणे, असा तोल सामान्यतः साधला जातो.