इतिवृत्त ई-मेल (दुरुस्त प्रत)

बैठकीनंतर सदस्यांना ई-मेलने पाठवलेले, भाषा आणि नोंदी तपासून सुधारलेले इतिवृत्त. कंपन्यांच्या संचालक मंडळांसाठी भारतीय कंपनी सचिव संस्थेचे ‘एसएस-१’ हे मानक लागू आहे. त्यानुसार बैठक संपल्यापासून १५ दिवसांत मसुदा संचालकांकडे जातो. तो ई-मेलनेही पाठवता येतो. अभिप्रायासाठी ७ दिवस असतात. इतिवृत्त तृतीय पुरुषात व भूतकाळात, तर ठराव वर्तमानकाळात लिहावा, असे हे मानक सांगते.

काळ व कार्यवाही. मराठीत दुसऱ्याचे बोलणे ‘की’ लावून जसेच्या तसे सांगता येते, त्यामुळे टिपणातला ‘मी’ इतिवृत्तात तसाच राहतो. उदाहरणार्थ, कच्च्या मसुद्यात असे असते : ‘गोदामाच्या छताची दुरुस्ती करण्यात आली. कुळकर्णी म्हणाले की मी दोन दरपत्रके मागवतो. पुढच्या सोमवारी बघू.’ दरपत्रके यायची असताना दुरुस्ती झालेली कशी? अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्याने अंदाज बांधू नये, टिपण घेणाऱ्याला विचारावे. खुलासा मिळाल्यावर नोंद अशी होते : ‘गोदामाच्या छताची दुरुस्ती करण्याचे ठरले. श्री. कुलकर्णी यांनी दोन दरपत्रके मागवण्याचे मान्य केले. मुदत : सोमवार, ११ मे २०२६.’ ‘करण्यात आली’ आणि ‘करण्याचे ठरले’ यांतला फरक सर्वांत महत्त्वाचा, कारण पहिल्या शब्दयोजनेने न झालेले काम झाल्याची नोंद होते आणि त्याचा पाठपुरावा थांबतो. ‘पुढच्या सोमवारी’ हेही ई-मेल उशिरा उघडणाऱ्याला भलताच दिवस दाखवते, म्हणून तारीख घालावी. ‘पाठपुरावा करावा’ या वाक्यात कर्ता नाही. तिथे जबाबदार व्यक्तीचे नाव किंवा पद हवेच.

नावे. कुलकर्णी आणि कुळकर्णी ही दोन्ही रूपे प्रचारात आहेत. त्यामुळे शुद्ध कोणते, हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. ती व्यक्ती स्वतः जसे लिहिते तेच रूप उपस्थितांच्या यादीत घ्यावे आणि पुढे सर्वत्र ठेवावे. वरच्या उदाहरणात यादीत ‘कुलकर्णी’ आहे, म्हणून मजकुरातही तेच. एकाच ई-मेलमध्ये दोन रूपे राहिली, तर वाचणाऱ्याला दोन माणसे वाटतात आणि नावाने शोध घेतल्यावर निम्म्या नोंदी सापडत नाहीत. सगळीकडे एकदम बदल करण्याची सोय जपून वापरावी. ‘राणे’ बदलायला गेल्यास ‘पुराणे’ हे आडनावही बिघडते. नोंदणीकृत नावे व ई-मेल पत्ते मूळ रूपातच ठेवावेत. एका आडनावाचे दोघे असल्यास पूर्ण नाव द्यावे.

मर्यादा. भाषेच्या दुरुस्तीत निर्णयाचा आशय बदलता येत नाही. ‘एसएस-१’नुसार इतिवृत्त नोंदवहीत उतरल्यावर बदल करायचा झाल्यास पुढील बैठकीत मंडळाची स्पष्ट मंजुरी लागते.